हुशार शेतकऱ्याची गोष्ट सोप्या फ्रेंचमध्ये

प्रश्न: "मुलाच्या शाळेत फ्रेंच रीडिंग क्लब आहे, तिथे द्यायला मी आमच्या गावाकडची हुशार शेतकरी आणि जमीनदाराची गोष्ट मराठीत लिहिलीये, ती वरचं पीक कोणाचं न खालचं कोणाचं वाली. सातवी-आठवीच्या पोरांना वाचता येईल अशा सोप्या फ्रेंचमध्ये कशी करू? वाक्यं फार अवघड होतायत."

मी नाशिकलाच शाळकरी मुलांना फ्रेंच शिकवते, ही गोष्ट वर्गात वाचून घेतलेली आहे, त्यामुळे सरळ कामाचं सांगते. फ्रेंच इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, स्पेलिंग डिक्शनरीतून बघून घ्या.

तुमच्या मराठीतली वाक्यं एकामागून एक भाषांतरित करत बसू नका, त्यानेच अवघड होतंय. आधी गोष्टीचा सांगाडा काढा. तीन वर्षं आहेत आणि प्रत्येक वर्षी तेच घडतं, म्हणजे जमीनदार आपला वाटा निवडतो, मग शेतकरी पीक घेतो, मग वाटणी होते. हा क्रम मोडायचा नाही. मुलं किंवा पालक लिहितात तेव्हा बरेचदा "शेतकऱ्याने गहू पेरला, जमीनदार म्हणाला मला खालचं दे" असं होऊन जातं आणि तिथेच गोष्ट मेली, कारण शेतात गहू दिसत असताना मुळं मागणारा जमीनदार नुसता वेडा वाटतो, शेतकऱ्याची हुशारी कुठे दिसतच नाही. निवड आधी, पीक नंतर, सगळी गंमत तिथे आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वरचं आणि खालचं यासाठी डिक्शनरी तुम्हाला बहुतेक 'दस्यू' आणि 'दसू' हे शब्द देईल. ते वापरू नका. पहिल्याचा अर्थ वर, दुसऱ्याचा खाली, आणि दोघांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा आहे. पहिल्यातला स्वर आपल्याकडे नाहीच, ओठ 'उ'सारखे गोल ठेवून आतून 'ई' म्हणायचं तेव्हा तो येतो. आपली पोरं दोन्ही 'दसू'च वाचतात, आणि ज्या गोष्टीत सगळा व्यवहारच वर की खाली यावर आहे तिथे ऐकणाऱ्याला काही कळत नाही. त्याऐवजी 'ल ओ' म्हणजे वरचा भाग आणि 'ल बा' म्हणजे खालचा भाग, हे घ्या. दोन्ही छोटे, कानाला एकदम वेगळे, आणि तिसऱ्या वर्षासाठी मधला भाग म्हणजे 'ल मिल्य' त्यांच्या शेजारी छान बसतो.

फक्त 'ल ओ' लिहिताना एक बघा. हा शब्द स्पेलिंगमध्ये एच ने सुरू होतो आणि एच उच्चारत नाहीत, तरी त्याच्या आधीचा 'ल' तोडून जोडायचा नाही. 'लॉम' म्हणजे माणूस, तिथे मात्र 'ल' तुटून जोडला जातो. मुलं 'लॉम' आधी शिकलेली असतात म्हणून इथेही तसंच करतात आणि 'ल ओ'चं नुसतं 'लो' होतं, आणि 'लो' ऐकलं की पाणी! जमीनदार म्हणतो मला पाणी पाहिजे, आणि वर्गात गोंधळ. कागदावर 'ल' आणि 'ओ' यात पेन्सिलीने उभी रेघ मारून द्या, तेवढ्याने बरंच निभावतं.

काळाचं म्हणाल तर पूर्ण गोष्ट वर्तमानकाळात लिहा. छापील फ्रेंच गोष्टींमध्ये 'पासे सँप्ल' नावाचा भूतकाळ असतो तो या वयाच्या मुलांनी पाहिलेलाही नसतो, आणि बोलण्यातला जो भूतकाळ आहे त्यात प्रत्येक क्रियापदाला दोन तुकडे लागतात, वर काहींना कर्त्याप्रमाणे शेपूट बदलावं लागतं. वाचायला बसलेल्या मुलाचं सगळं लक्ष त्यातच जातं. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना तरी कुठे भूतकाळात राहते, "मग तो शेतकरी काय करतो, गुपचूप घरी जातो" असंच सांगते ना, तर फ्रेंचमध्येही ते चालतं. फक्त पहिलं वाक्य नेहमीचं ठेवा, 'इलेते यून फ्वा', आपलं आटपाट नगर होतं तसं ठरलेलं वाक्य आहे, मुलं ते एक तुकडा म्हणून पाठ करतात. त्यानंतर नवीन ओळ आणि वर्तमानकाळ.

भाषांतर मराठीतून थेट फ्रेंचमध्ये करा, मधे इंग्रजी आणू नका. आपला तू आणि तुम्ही तिकडे 'त्यू' आणि 'वू' असा जसाच्या तसा मिळतो. जमीनदार शेतकऱ्याला 'त्यू' म्हणेल, शेतकरी त्याला 'वू' आणि वर 'मस्य' म्हणजे साहेब. इंग्रजीतून गेलात की दोघं एकमेकांना यू म्हणतात आणि कोण कोणाच्या शेतात राबतोय हेच पुसलं जातं. शेवटपर्यंत शेतकरी 'वू'च म्हणत राहतो, तिसऱ्यांदा हरवल्यावरही, मला तर ते फार आवडतं.

तर पहिलं वर्ष असं लिहा:

'इलेते यून फ्वा अं पेइज़ाँ पोव्र.' एक गरीब शेतकरी होता.
लॉम रीश म्हणतो, 'ला तेरे ता म्वा. ऑं पार्ताज.' जमीन माझी आहे, वाटून घेऊ.
ल पेइज़ाँ म्हणतो, 'क वुले वू, मस्य? ल ओ उ ल बा?' काय हवंय साहेब, वरचं की खालचं?
'ज प्राँ ल बा.' मी खालचं घेतो.
'ल पेइज़ाँ क्यूल्तीव द्यू ब्ले.' शेतकरी गहू घेतो.
'ल पेइज़ाँ आ ल ब्ले. लॉम रीश आ ले रासीन.' शेतकऱ्याला गहू, श्रीमंताला मुळं.

(मधलं "म्हणतो" फ्रेंचमध्ये 'दी', ते तुम्ही घालाच.) जमीनदार, सावकार असले शब्द फ्रेंचमध्ये शोधू नका, 'लॉम रीश' म्हणजे श्रीमंत माणूस एवढं पुरतं. आणि पेरणे, लावणे, टोकणे यांना वेगवेगळी क्रियापदं घेऊ नका, 'क्यूल्तीव' म्हणजे पीक घेणे, ते तिन्ही पिकांना चालतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षी मुलांना नवीन वाचायला फक्त दोन-तीन शब्द राहतात आणि बाकी वाक्यं ती आपोआप म्हणू लागतात, कच्चं मूलसुद्धा.

दुसऱ्या वर्षी जमीनदार म्हणतो 'सेताने, ज प्राँ ल ओ!', यावर्षी वरचं माझं. शेतकरी घेतो कांदा, 'दे ज़ोन्यों'. आता मूळ गोष्टीत तुमच्याकडे भुईमूग किंवा बटाटा असेल तरी नाशिकच्या मुलांसाठी कांदाच ठेवा असं माझं मत, लासलगाव-निफाड रस्त्यावरचे कांद्याचे ट्रॅक्टर पाहिलेली पोरं आहेत ती. पण एक अडचण येते, वर्गातला एखादा शेतकऱ्याचा मुलगा हमखास विचारतो की पातीचा कांदा पण विकतो की बाजारात, मग जमीनदाराचं नुकसान काय झालं? बरोबर आहे त्याचं. म्हणून नुसती पानं लिहू नका, वाळलेली पानं लिहा, 'ले फय सेश'. कांदा काढायला येतो तेव्हा पात पिवळी पडून माना पडलेल्या असतात, ती कोणी विकत घेत नाही. एका विशेषणाने प्रश्न मिटतो आणि गोष्ट शेताला धरून राहते.

तिसऱ्या वर्षी जमीनदार चिडून म्हणतो 'ज प्राँ ल ओ ए ल बा!', वरचंही माझं खालचंही माझं. शेतकरी विचारतो 'ए पूर म्वा?', आणि मला? उत्तर येतं 'ल मिल्य'. इथे शेतकरी मका घेतो. वर तुरा, खाली मुळं, मधे कणसं. तुऱ्याला वेगळा शब्द नको, 'ले फ्लर' म्हणजे फुलं म्हणा, आणि कणसं 'ले ज़ेपी'. मक्याचा फ्रेंच शब्द 'माईस', त्यातल्या आय वर दोन टिंबं असतात आणि शेवटचा एस उच्चारतात. टाईप करताना ती टिंबं गळाली तर तो शब्द 'मे' होतो, म्हणजे 'पण', आणि वाक्य होतं शेतकरी पण पिकवतो. प्रिंट काढायच्या आधी हा एक शब्द डोळ्यांनी तपासाच, शाळेच्या कंप्यूटरवर फाँट बदलला की तिथेच गडबड होते.

लांबी दीडशे-दोनशे शब्दांच्या वर नेऊ नका आणि एका वाक्यात आठ शब्दांपेक्षा जास्त नको. तुमच्या मराठीतलं शेताचं वर्णन, जमीनदाराचा वाडा, बायकोने दिलेला सल्ला, हे सगळं फ्रेंचमधून काढा. वाईट वाटेल, पण ते मराठी पानावर ठेवा ना, एका बाजूला मराठी एका बाजूला फ्रेंच असं छापलं तर मुलं दोन्ही वाचतात.

फ्रान्समध्ये पण ही गोष्ट आहे बरं का. फ्रांस्वा राबलेच्या १५५२ च्या पुस्तकात शेतकऱ्यासमोर जमीनदाराऐवजी एक सैतान आहे, पहिल्यांदा गहू आणि दुसऱ्यांदा मुळ्या-सलगमसारखं कंद, आणि सैतान दोन्ही वेळा फसतो. ते फ्रेंच जुनं आहे, मुलांना द्यायचं नाही, पण क्लबच्या टीचरना सांगा, त्या मुलांना सांगू शकतील.

जमलं की नाही ते कसं कळणार, तर दुसऱ्या वर्षीचं 'ज प्राँ ल ओ' वाचून झालं की थांबवा आणि पुढचं पान झाका. मुलांना विचारा शेतकरी आता काय लावेल, उत्तर मराठीत दिलं तरी चालेल. कांदा, बटाटा, गाजर, बीट असली नावं आली तर तुमचं फ्रेंच पोचलं. कोणी ऊस किंवा द्राक्षं म्हणालं तर 'ल ओ' त्याला कळलेलं नाही, तिथे फळ्यावर एक आडवी रेघ जमीन म्हणून काढा, वर 'ल ओ' खाली 'ल बा' लिहा आणि पहिलं वर्ष परत वाचायला लावा.