तुटलेलं वाक्य स्वतः पूर्ण करू नका

प्रश्न: सहकाऱ्याने पाठवलेला लेख मी आमच्या साइटच्या फॉर्ममध्ये पेस्ट करून सेव्ह केला. उघडून बघते तर शेवटचं वाक्य अर्धवट आहे आणि पुढचं काहीच नाही. वाक्य मीच पूर्ण करून पुढे जाऊ का?

उत्तर:

नका करू. मराठीत तर मुळीच नको, कारण आपल्याकडे क्रियापद आणि त्याच्याही मागून येणारं 'नाही' वाक्याच्या अगदी टोकाला असतं. मी एका मोठ्या अहवालाचं संपादन करत होतो. मजकूर 'समितीने हा प्रस्ताव मान्य केला' इथे संपत होता. शेवटी पूर्णविराम नव्हता, एवढीच काय ती खूण. मूळ प्रत आली तेव्हा कळलं की पुढचा शब्द 'नाही' होता. मी नुसता पूर्णविराम दिला असता तरी अर्थ उलटला असता.

आधी मजकूर कुठे कापला गेला ते शोधा. सहकाऱ्याने पाठवलेला मूळ मजकूर पुन्हा पूर्ण निवडून कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये पेस्ट करा. तिथेही तो त्याच जागी तुटला, तर फॉर्मचा दोष नाही. एक तर तुमच्याकडे आलेलाच मजकूर अर्धा आहे, किंवा कॉपी करताना पान पुरतं उघडलं नव्हतं. 'आणखी वाचा' दाबल्याशिवाय पुढचा भाग न दाखवणाऱ्या पानांवर हे नेहमी होतं. एडिटरमध्ये मजकूर पूर्ण दिसला, तर कात्री साठवणाऱ्या बाजूला लागली आहे.

तुम्ही सेव्ह करून मग उघडलंत, म्हणून मजकूर साठवताना कापला गेल्याची शक्यता मला जास्त वाटते. ती तपासायला सेव्ह झालेला, तुटका मजकूर UTF-8 फाइलमध्ये ठेवा आणि लिनक्स किंवा मॅकवर मोजा:

```
wc -m lekh.txt
wc -c lekh.txt
```

पहिली आज्ञा अक्षरचिन्हं मोजते, दुसरी बाइट. UTF-8 मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. 'मराठी' म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. माझ्या अहवालात चिन्हं 24,588 होती आणि बाइट 65,534. दुसरा आकडा पाहताच कारण कळलं. MySQL या डेटाबेसमधल्या TEXT प्रकारच्या रकान्यात जास्तीत जास्त 65,535 बाइट मावतात. उरलेल्या एका बाइटमध्ये पुढचं तीन बाइटचं चिन्ह कसं बसणार? स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर डेटाबेस असा मजकूर नाकारतो आणि चूक लगेच दिसते. तो बंद असेल तर जेवढं मावतं तेवढं ठेवून बाकीचं टाकून देतो. इशारा डेटाबेसपाशीच राहतो, आपल्याला फक्त 'सेव्ह झालं' दिसतं. म्हणूनच तेवढ्याच लांबीचे इंग्रजी लेख सुखरूप राहतात आणि मराठी तुटतात. साइट सांभाळणाऱ्याला हे दोन आकडे दाखवा. रकाना MEDIUMTEXT या मोठ्या प्रकारचा केला की अडचण मिटते.

तुमचा आकडा या मर्यादेपासून बराच दूर असेल, तर मजकूर नेमका इमोजीपाशी तुटलाय का ते मूळ प्रतीत बघा. MySQL च्या जुन्या utf8 मांडणीत चार बाइटचं चिन्ह बसत नाही आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तिथून पुढचं सगळं जातं. यावर उपाय म्हणजे चार बाइटची चिन्हंही सामावणारी utf8mb4 मांडणी.

कारण कळलं तरी गेलेला भाग त्या रकान्यात परत येत नाही, तो मूळ प्रतीतूनच आणावा लागतो. एडिटरमध्ये मजकूर पूर्ण दिसला असेल तर ती प्रत आधी फाइल म्हणून जपून ठेवा. तिथेही तुटलेला असेल तर सहकाऱ्याला 'लेख अर्धा आलाय' एवढंच कळवू नका. तुमच्याकडचे शेवटचे सात-आठ शब्द जसेच्या तसे पाठवा आणि त्यांच्या प्रतीत शेवटचं वाक्य कोणतं आहे ते विचारा. उरलेला भाग मागवताना तुटीच्या आधीचा एक पूर्ण परिच्छेदही सोबत मागा. तो दोन्हीकडे शब्दशः जुळला की सांधा बरोबर बसल्याची खात्री होते, नाहीतर जोडताना एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते. शक्य असेल तर मजकूर संदेशात न चिकटवता फाइल म्हणूनच मागवा.

मूळ प्रत कुणाकडेच उरली नसेल, तर शेवटच्या पूर्ण परिच्छेदापाशी थांबा आणि खाली चौकटी कंसात लिहा: [येथून पुढचा मजकूर उपलब्ध नाही]. अर्धं वाक्य ठेवायचंच असेल तर शेवटी पूर्णविराम देऊ नका, म्हणजे ते तुटलेलं आहे हे वाचणाऱ्याला दिसेल.