हातचा पैसा फेकायचा का? (डॉमिनियन, चॅपेल आणि आमचा दादा)

प्रश्न: डॉमिनियनसारख्या डेक-बिल्डिंग गेममध्ये, म्हणजे खेळता खेळता पत्ते विकत घेऊन आपलं डेक उभं करायच्या खेळात, आपलेच पत्ते ट्रॅश करून डेक खरंच मजबूत होतं का? नाणी न देणारं, शेवटी फक्त एक गुण देणारं इस्टेट फेकणं समजतं, पण पैसे देणारे कॉपर का फेकायचे? नवशिक्याने अशा प्रकारातला कोणता गेम आधी घ्यावा?

होतं. कॉपर फेकायचेच. आणि कॉपर फेकणाऱ्याला वेड्यात काढणारी माणसं तुमच्या घरातही असतील, तर हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

आमच्याकडे हा वाद २०१६ च्या दिवाळीपासून चालू आहे. मैत्रिणीने अमेरिकेहून डॉमिनियनचा खोका आणला होता, तो मी माहेरी घेऊन गेले. दादा रमीतला पट्टीचा खेळाडू. आमच्या अख्ख्या आळीत त्याच्याशी पैसे लावून कोणी बसत नाही. नियम त्याला दहा मिनिटांत कळले, पण रमी काही डोक्यातून गेली नाही. रमीत पत्ता टाकला की त्याच्या जागी दुसरा येतो आणि हातात तेराचे तेराच राहतात. इथे टाकलेला, म्हणजे डिस्कार्ड केलेला पत्ता पुन्हा पिसला जाऊन परत येतो, पण ट्रॅश केलेला कायमचा जातो आणि त्याची जागा कोणी घेत नाही. डेकच लहान होतं. सगळी गंमत याच फरकात आहे, आणि दादाला तो फरक नुकसान वाटला.

दोघांचीही सुरुवात सारखीच झाली, एकदा ४ नाणी आणि एकदा ३. त्याने दोन्ही वेळा २ नाणी देणारं सिल्व्हर घेतलं. मी एक सिल्व्हर आणि एक चॅपेल. चॅपेलची किंमत फक्त २, आणि काम एकच: हातातले चारपर्यंत पत्ते ट्रॅश करा. माझं डेक आता १२ पत्त्यांचं होतं: ७ कॉपर, ३ इस्टेट, सिल्व्हर, चॅपेल. तिसऱ्या टर्नला माझ्या हातात चॅपेल, तिन्ही इस्टेट आणि एक कॉपर आलं. मी चारही उचलून बाजूला ठेवले. नाणी शून्य, खरेदी शून्य.

दादा इतका हसला की वहिनी तळणीवरची शंकरपाळी सोडून बघायला आली. "वेडे, तुझ्याकडे पैसा एकच होता, तोही फेकलास?"

आता हिशेब बघा. फेकण्याआधी १२ पत्त्यांत ९ नाणी होती, म्हणजे पाच पत्त्यांच्या हातात सरासरी पावणेचार. फेकल्यावर ८ पत्ते उरले आणि त्यांत ८ नाणी, म्हणजे हातात सरासरी ५. नाणं एक गेलं आणि हात सव्वा नाण्याने वधारला. कारण तुम्ही डेकमध्ये किती पैसे आहेत ते कधीच खर्च करत नाही. एका वेळी हातात आलेले पाच पत्ते खर्च करता. इस्टेट हातात आलं की त्याने एका चांगल्या पत्त्याची जागा अडवलेली असते. ते नुसतं निरुपयोगी नसतं, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखं खोली अडवून बसलेलं असतं.

चौथ्या टर्नला उरलेल्या सात पत्त्यांतले पाच आले, त्यांत सिल्व्हर होतं. ६ नाणी, म्हणजे गोल्ड. दादाने अजून गोल्डला हात लावला नव्हता. पाचव्या टर्नला पुन्हा चॅपेल आलं, सोबत चार कॉपर. तेही सगळे ट्रॅश. पुन्हा शून्य खरेदी. आता दादा हसला नाही, वैतागला. त्याला वाटलं मी मुद्दाम हरतेय.

तुमच्या प्रश्नाचं खरं टोक इथे आहे. कॉपर १ नाणं देतं, मग ते वाईट कसं? सुरुवातीला ते वाईट नसतंच. ज्या डेकची सरासरी पत्त्यामागे ०.७ आहे तिथे १ देणारा पत्ता हुशार मुलगा असतो. पण तुम्हाला जायचंय कुठे? सहा गुण देणाऱ्या प्रॉव्हिन्सला. त्याची किंमत ८, हात पाच पत्त्यांचा, म्हणजे पत्त्यामागे १.६ नाणी हवीत. सिल्व्हर २ देतं, त्या रेषेच्या वर. गोल्ड ३ देतं, बरंच वर. कॉपर १ देतं, म्हणजे रेषेच्या खाली ओढणारं. माझ्या डेकमध्ये तेव्हा ९ पत्त्यांत ११ नाणी होती, हाताची सरासरी ६ च्या जरा वर. चार कॉपर गेल्यावर पाचच पत्ते उरले: दोन कॉपर, सिल्व्हर, गोल्ड आणि चॅपेल. त्यांची बेरीज ७. आणि हात पाच पत्त्यांचा असल्यामुळे अख्खं डेकच माझ्या हातात. सरासरीचा प्रश्नच संपला, ७ म्हणजे ७.

सहाव्या टर्नला त्या ७ मधून दुसरं गोल्ड घेतलं. सातव्याला हातात ९ आले.

इथे बहुतेक लोक चुकतात, मीही त्याआधी दोनदा चुकले होते. ९ आले की प्रॉव्हिन्स घ्यावासा वाटतो. पण प्रॉव्हिन्ससुद्धा हातात आला की मेलेला पत्ताच, शेवटच्या मोजणीपर्यंत त्याचा काडीचा उपयोग नाही. वीस पत्त्यांच्या डेकमध्ये असा एक पत्ता जिरून जातो. सहा पत्त्यांच्या डेकमध्ये तो घशात अडकतो. तेव्हाच प्रॉव्हिन्स घेतला असता तर सात पत्त्यांत १० नाणी झाली असती. सात पत्ते नीट पिसून त्यातले पाच उचलायचे २१ प्रकार होतात, त्यांपैकी १३ मध्ये ८ नाणी जमत नाहीत. त्याऐवजी तिसरं गोल्ड घेतलं तर सात पत्त्यांत १३ नाणी, आणि २१ पैकी फक्त ३ प्रकार फसतात, म्हणजे दोन गोल्ड एकदम बाहेर राहिली तरच. मी गोल्ड घेतलं.

आणि नेमका त्याच फेरीत दादाच्या हातात ८ आले. त्याने प्रॉव्हिन्स घेऊन टेबलावर आपटला. "हे बघ. फेकाफेक न करता आला." त्याच्या १५ पत्त्यांच्या डेकमध्ये सरासरी सहाच्याही खाली होती, ते ८ नशिबाचे होते. पण हे त्या वेळी बोलायची सोय नव्हती, कारण नानाही बघत बसले होते आणि नानांचा मुलगा कधी नशिबाने जिंकत नाही.

पुढचे टर्न फार रंगवून सांगत नाही. दोघांच्या खेळात प्रॉव्हिन्स आठ असतात. मला पाच मिळाले, त्याला तीन. त्याने शेवटी तीन-तीन गुणांच्या दोन डची घेतल्या आणि त्याची तिन्ही इस्टेट शाबूत होती. माझे ३०, त्याचे २७. तीनच गुणांनी जिंकले, हे मान्य. आणि मी फेकलेली तीन इस्टेटही तीन गुणांचीच होती, हेही दादाने लगेच दाखवून दिलं. पण ती ठेवली असती तर पाच प्रॉव्हिन्स झाले असते का, हे त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या रात्री घरात ठराव झाला: चॅपेलने खेळाची मजा जाते, ते खोक्यातच राहील. मत मांडायला मी एकटी, विरोधात चौघं. त्यातल्या दोघांनी खेळ धड बघितलाही नव्हता.

बरं, चॅपेल बंद केलं तर केलं. मनीलेंडर चालू ठेवला. मनीलेंडरचं काम काय, हातातलं एक कॉपर ट्रॅश करा आणि त्या टर्नपुरती ३ नाणी घ्या. दादाचा हा आवडता पत्ता! दर खेळात घेतो, दर खेळात तीन-चार कॉपर ट्रॅश करतो, आणि पुढे त्याला चांगले हात येतात तेव्हा म्हणतो, सावकाराने तारलं. अरे, ती ३ नाणी एका टर्नची. पुढचे हात सुधारले ते कॉपर गेलं म्हणून. पण फेकताना हातावर काहीतरी ठेवलं की त्याला ते फेकणं वाटत नाही, सौदा वाटतो. मी हे त्याला तीन वेळा समजावलं. चौथ्यांदा वहिनीने थांबवलं.

माझं ऐकून सगळंच फेकत सुटू नका मात्र. खेळात दहा प्रकारचे पत्ते निवडून मांडतात, त्यात चॅपेल असेलच असं नाही, आणि एकेक पत्ता फेकणारा महागडा पत्ता तितका फायदा देईलच असंही नाही. मांडलेल्यांत गार्डन्स असेल आणि तुम्ही त्याच्या मागे असाल तर माझं सगळं उलटं करा, कारण त्यात दर दहा पत्त्यांना एक गुण मिळतो, डेक जितकं जाडं तितकं चांगलं. फेकण्यासाठी टर्न खर्च होतो, म्हणून हे काम सुरुवातीलाच करायचं. अर्धे प्रॉव्हिन्स संपल्यावर इस्टेट फेकणं म्हणजे नुसता गुण घालवणं. आणि नवं काही घेण्याआधी कॉपर संपवू नका. माझी एक मैत्रीण पहिल्याच झपाट्यात इतकं फेकून बसली की दर टर्नला तिच्या हातात २ नाणी येत आणि ती नुसती बघत राही. ज्या हातातून ३ किंवा ४ चं काही घेता येत नाही, तिथे तुम्ही फेकण्यात पुढे आणि कमाईत मागे पडला आहात हे ओळखायचं.

कोणता गेम घ्यावा? डॉमिनियनच घ्या. २००८ चा आहे, या प्रकाराला याच खेळाने वाट करून दिली, आणि यात हे गणित उघडं दिसतं. बाकीच्यांची तुलना माझ्याकडून नको, मी भांडणासाठीच खेळते.

दादाकडे मागच्या महिन्यात गेले होते. भाचा फोनवर स्ले द स्पायर खेळत होता. तोही पत्त्यांचाच खेळ, सुरुवातीच्या डेकमध्ये स्ट्राइक नावाचे साधे पत्ते असतात. दुकानात शिरून त्याने ७५ सोन्याची नाणी मोजली आणि एक स्ट्राइक काढून टाकला. दादा मागून डोकावत होता.

"पैसे देऊन पत्ता फेकलास?"

"हो," भाचा मान वर न करता म्हणाला, "आणि बाबा, पुढच्या वेळी शंभर लागतील."