वाढदिवस विसरलेल्या मैत्रिणीला शुभेच्छा देताना

“एप्रिलमध्ये माझा वाढदिवस झाला. सर्वांत जवळच्या मैत्रिणीचा फोन आला नाही. आता आठवड्यावर तिचा वाढदिवस आला आहे. शुभेच्छा दिल्या तर मनात खोट राहील आणि नाही दिल्या तर मलाच चैन पडणार नाही. काय करू?”

हे विचारणाऱ्या ताई देवगड परिसरात शिक्षिका आहेत आणि मैत्रीण शाळेपासूनची, आता आंबा बागायतदाराच्या घरात दिलेली. (त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून लिहीत आहे.) मी त्यांना प्रथम दोनच प्रश्न विचारले. मैत्रिणीला आज तुमच्या वाढदिवसाची तारीख विचारली तर ती सांगू शकेल का? आणि त्या दिवशी ती काय करत असेल? पहिल्याचे उत्तर “झोपेतसुद्धा सांगेल” असे लगेच आले. दुसऱ्यावर त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. एप्रिलच्या अखेरीस हापूसचा हंगाम भरात असतो; पहाटेपासून काढणी, मग प्रतवारी, पेट्या भरणे आणि वाशीला जाणारी गाडी गाठणे, यांत घरातल्या बाईला आज वार कोणता हेही पाहायला उसंत नसते.

तारीख माहीत असणे आणि ती नेमक्या दिवशी आपणहून आठवणे ही स्मरणशक्तीची दोन वेगवेगळी कामे आहेत. पुढे करायच्या गोष्टीची आठवण होण्यासाठी भोवतालात काहीतरी खूण असावी लागते, आणि एकसारखे कामाचे दिवस लागले की तारखेची खूणच उरत नाही. म्हणून विसरण्यावरून मायेचे माप काढणे मला चुकीचे वाटते. हे कळल्यावर ताईंचे दुःख नाहीसे झाले नाही, आणि ते व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. मात्र “मी तिला नकोशी झाले” हा त्यांनी काढलेला निष्कर्ष सैल झाला.

मग मी त्यांना शुभेच्छांचा मजकूर लिहून आणायला सांगितले. त्यांनी आणलेला मजकूर असा होता: “वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! तू कितीही कामात असलीस तरी मी तुझा दिवस कधीच विसरत नाही.” वाचायला तो प्रेमळ वाटतो, पण दुसऱ्या वाक्यात उधारीची वही उघडी पडली आहे. वाचणाऱ्या मैत्रिणीला आपण काय विसरलो ते त्याच क्षणी आठवेल आणि तिच्या वाढदिवसाची सकाळ माफी मागण्यात जाईल. हिशोब इतरही वाटांनी आत शिरतो. रात्री ठीक बारा वाजता संदेश पाठवून आपली तत्परता दाखवणे, दरवर्षीपेक्षा महाग भेट देणे, किंवा याच्या उलट, मुद्दाम दोन कोरडे शब्द लिहून थांबणे, या तिन्हींत मन मैत्रिणीकडे नसून स्वतःच्या जखमेकडे असते.

मार्गारेट क्लार्क आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये असे दाखवले की ज्या नात्यात आपल्याला जवळीक हवी असते, तेथे समोरच्याने मदतीची लगेच तोलून परतफेड केली तर तो आपल्याला कमी आवडू लागतो. देण्याघेण्याच्या व्यवहारात मात्र तीच परतफेड बरी वाटते. फोनला फोन, विसरण्याला विसरणे, अशी बरोबरी सुरू केली की मैत्रीही त्या व्यवहाराच्या रांगेत जाऊन बसते.

दुसऱ्या वेळी ताईंनी वाक्यातून स्वतःला बाजूला ठेवले आणि मैत्रिणीच्या सरत्या वर्षातील एकच खरी गोष्ट घेतली: “सासूबाईंचे आजारपण आणि बाग दोन्ही तू या वर्षी निभावलेस. आज दिवसभर तरी तुला कुणी कामाला हाक मारू नये. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा.” हे लिहिताना कुठे अडखळलात का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “नाही, तिचा चेहराच समोर होता.” माझ्या दृष्टीने मजकुरात खोट नसल्याची खूण हीच. जुलैत भातलावणी चालू असल्याने संदेशापेक्षा दिवेलागणीनंतर फोन करायचा असे ठरले. मैत्रिणीने त्या फोनवर एप्रिलचा विषय काढला नाही तर काय, याचीही तयारी आम्ही केली, कारण उत्तराची वाट पाहत दिलेली शुभेच्छा पुन्हा उधारीच होते. तिने खरोखरच तो विषय काढला नाही. ताई बागेच्या आणि मुलांच्या गोष्टी बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुखावल्याचे सांगायचेच नाही असे मी कधी सुचवत नाही. फक्त त्याला त्याचा वेगळा दिवस द्यावा. पुढे दोघी निवांत भेटल्या तेव्हा ताई एवढेच म्हणाल्या, “एप्रिलात तुझ्या फोनची मी वाट पाहिली गं. वाईट वाटलं होतं.” त्यात आरोप नव्हता, म्हणून मैत्रिणीलाही सबब शोधावी लागली नाही. तारीख लक्षात होती पण तो दिवस कधी सरला ते कळलेच नाही, असे तिने सांगितले आणि तिचे डोळे भरून आले.

हा सल्ला सगळीकडे लागू पडत नाही. जी व्यक्ती वर्षानुवर्षे केवळ गरजेपुरती आठवण काढते आणि तुमच्या आजारपणातही फिरकत नाही, तिच्या बाबतीत प्रश्न वाढदिवसाचा राहत नाही. त्या नात्यात आपण किती गुंतायचे, याचा विचार तारखेची वाट न पाहता स्वतंत्रपणे करावा लागतो.