१८,४०० पॉइंटांचा मिक्सर घ्यावा की बिलात पैसे वळते करावेत?

प्रश्न: कार्डावर १८,४०० रिवॉर्ड पॉइंट साठलेत. कॅटलॉगमध्ये १६,००० पॉइंटांना ७५० वॅटचा मिक्सर आहे, किंमत ५,६०० रुपये दाखवतात. स्टेटमेंट क्रेडिट घेतलं तर एका पॉइंटला २० पैसे. दोन्हीकडे ९९ रुपये चार्ज. आईला मिक्सर हवाच आहे. काय घेऊ? मी परळला राहते.

उत्तर:

मिक्सर घ्यायला हरकत नाही, पण आधी दोन गोष्टी बघा. तोच मिक्सर बाहेर केवढ्याला मिळतो, आणि उरलेल्या २,४०० पॉइंटांचं पुढे काय होणार. निर्णय या दोन उत्तरांवर ठरेल. ५,६०० या आकड्यावर अजिबात ठरवू नका.

५,६०० ला १६,००० नी भागलं की पॉइंटाला ३५ पैसे पडतात. समोर स्टेटमेंट क्रेडिटचे २० पैसे ठेवले की कुणालाही वाटेल, क्रेडिट घेणं म्हणजे नुकसानच. पण ५,६०० ही एमआरपी आहे, आणि मुंबईत एमआरपीला मिक्सर विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोहार चाळीत जा, दादरच्या दुकानात विचारा किंवा ऑनलाइन बघा, एमआरपीवर काट मारून खाली दुसरा भाव लिहिलेला असतो. तुमच्यासाठी मिक्सरची किंमत म्हणजे तो पॉइंटांत मिळाल्यामुळे खिशातून जायचे वाचलेले पैसे. बाहेर तो ३,७०० ला मिळत असेल तर वाचले ३,७०० च. त्याला १६,००० नी भागा, पॉइंटाचे झाले साधारण २३ पैसे. ३५ आणि २० मधला मोठा फरक २३ आणि २० वर येतो.

भाव बघताना मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ही बारीक गोष्ट आहे, पण सगळं गणित तिच्यावरच चुकतं. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, ७५० वॅटचाच मिक्सर तीन भांड्यांचा असतो आणि चार भांड्यांचाही. एकात चटणीचं छोटं भांडं असतं, दुसऱ्यात ज्यूसचा जार. फोटो दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. कॅटलॉगमधला तीन भांड्यांचा आणि बाहेर तुम्ही चार भांड्यांच्या मॉडेलचा भाव पाहिलात, तर पॉइंटांची किंमत आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. आईंना रोजचं ओल्या नारळाचं वाटण करायचं असेल तर छोटं भांडं आहे की नाही, हे भावाच्याही आधी बघा.

आता तुमच्या बाबतीतला काठावरचा आकडा सांगतो. १६,००० पॉइंट क्रेडिटला दिले असते तर २० पैशांनी ३,२०० रुपये झाले असते. म्हणजे तोच मिक्सर बाहेर ३,२०० किंवा त्याहून स्वस्त मिळत असेल, तर पॉइंट देऊन घेण्यात काही अर्थ नाही. पैसे वळते करा आणि मिक्सर दुकानातून आणा. ३,२०० च्या जितका वर, तितका मिक्सर फायद्याचा. दिवाळीच्या सुमाराला हे पुन्हा तपासा, कारण त्या दिवसांत कार्डावर दहा टक्के झटपट सवलत मिळाली तर ३,७०० चा भाव ३,३३० वर येतो. मग क्रेडिट आणि मिक्सर जवळपास एकाच पातळीवर येतात.

इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे उरलेले पॉइंट. दोन्ही रस्ते शेवटपर्यंत मांडून बघू. चार्ज ९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७ रुपये धरा. सगळेच्या सगळे १८,४०० पॉइंट क्रेडिटला दिले तर ३,६८० रुपये, वजा ११७, हातात ३,५६३. मिक्सर घेतला तर ३,७०० वजा ११७, म्हणजे ३,५८३ रुपयांची वस्तू, आणि खात्यावर २,४०० पॉइंट शिल्लक. ते पॉइंट फुकट गेले असं धरलं, तर मिक्सरचा फायदा फक्त २० रुपयांचा. आणि दुकानातून त्याच कार्डावर मिक्सर घेतला असता तर त्या खरेदीचेही थोडे पॉइंट मिळाले असते, म्हणजे तेवढे वीस रुपयेही गेले. फायदा शून्य.

पण ते २,४०० पॉइंट पुढे वापरता आले तर चित्र बदलतं. त्यांचे ४८० रुपये होतात. दुसऱ्यांदा चार्ज बसला तरी ३६३ उरतात, आणि मिक्सरचा रस्ता एकूण पावणेचारशे रुपयांच्या वर पुढे जातो. म्हणून अ‍ॅपमध्ये किंवा कार्डाच्या अटींमध्ये दोन ओळी शोधा. एक, क्रेडिटसाठी किमान किती पॉइंट लागतात. दोन, पॉइंट बाद कधी होतात. समजा किमान ५,००० लागतात. मग तुम्हाला आणखी २,६०० मिळवायचे आहेत. कार्डावर १५० रुपयांना ४ पॉइंट मिळत असतील, तर त्यासाठी ९७,५०० रुपये खर्च व्हायला हवेत. महिन्याला बारा हजार खर्च करणाऱ्याला त्यासाठी आठेक महिने लागतात, आणि बऱ्याच कार्डांवर पॉइंटांची मुदत दोन-तीन वर्षांची असते. साधारणपणे आधी जुने पॉइंट वापरले जातात, त्यामुळे तुमच्याकडे उरतील ते नवे असतील, त्यांना मुदत भरपूर असेल. हे जमत असेल तर मिक्सर घ्या. कार्ड बंद करायचा विचार असेल किंवा ते फारसं वापरत नसाल, तर उरलेले पॉइंट गेले असं समजूनच ठरवा.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. आईंना ७५० वॅटचाच हवा आहे, की अडीच हजारांच्या ५०० वॅटच्या मिक्सरवर त्या खूश आहेत? छोट्या कुटुंबाच्या रोजच्या चटणी-वाटणाला ५०० वॅट बऱ्याच घरांत पुरतात. इडली-डोशाचं पीठ वरचेवर, जास्त प्रमाणात वाटायचं असेल तर ७५० चा उपयोग होतो. तुम्ही स्वतःच्या पैशांनी अडीच हजारांचाच घेतला असतात, तर पॉइंटांतल्या मिक्सरने तुमचे वाचले अडीच हजार, ३,७०० नाही. मग सरळ क्रेडिट घ्यायचं, त्यातून मिक्सर आणायचा, आणि वर हजारभर रुपये शिल्लक.

क्रेडिट घ्यायचं ठरलं तर बिलाच्या तारखा सांभाळा. हे मी जरा आग्रहाने सांगतो, कारण ठाण्याला माझ्या ताईच्या बाबतीत हे डोळ्यांसमोर झालंय. तिचं बिल १२,४०० चं होतं. तिने ३,५०० रुपयांचं क्रेडिट मागितलं आणि ते गृहीत धरून शेवटच्या तारखेला ८,९०० भरले. क्रेडिट खात्यावर आलं ते तारीख उलटून गेल्यावर. बँकेच्या लेखी तिने बिल पूर्ण भरलंच नव्हतं. मग व्याज फक्त राहिलेल्या ३,५०० वर लागत नाही. मूळ खरेदीच्या तारखेपासून सगळ्या रकमेवर लागतं, आणि पुढच्या महिन्यातल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. महिन्याला साडेतीन टक्के दराने १२,४०० वर महिन्याभराचं व्याज सव्वाचारशेच्या आसपास होतं, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. ३,५०० च्या पॉइंटांतले पाचशे असे निघून गेले.

शिवाय बहुतेक बँकांच्या अटींत असं क्रेडिट म्हणजे बिलाचा भरणा धरला जात नाही. किमान देय रक्कमही तुम्हाला वेगळी भरावीच लागते. म्हणून बिल नेहमीसारखं पूर्ण भरा, क्रेडिट मागा, आणि ते पुढच्या बिलातून कमी होऊ द्या. स्टेटमेंटमध्ये ते जमेच्या ओळीत दिसतं, जवळच चार्ज आणि त्यावरचा जीएसटी अशा वेगळ्या ओळी असतात. त्या तीन ओळी दिसल्या की काम झालं. हप्त्याहप्त्याने थोडे थोडे पॉइंट वळते करू नका, कारण चार्ज दर वेळी पडतो. ५,००० पॉइंटांचे हजार रुपये मिळतात आणि त्यातले ११७ चार्जमध्ये जातात, जवळजवळ बारा टक्के. सगळे १८,४०० एकदम दिले तर हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर राहतं.

कॅटलॉगमध्ये किराणा किंवा सुपरमार्केटचं गिफ्ट व्हाउचर आहे का, तेही एकदा बघा. त्याच्यावर लिहिलेली रक्कम हीच त्याची खरी किंमत, एमआरपीचा घोळ नाही. महिन्याचं सामान तुम्ही तिथूनच आणत असाल तर ते रोख पैशांइतकंच चांगलं. पॉइंटाला २० पैशांच्या वर देत असेल तर क्रेडिटपेक्षा सरस ठरेल. फक्त मुदत बघा, आणि एकाच बिलात पूर्ण वापरावं लागतं का तेही.

पॉइंट बघायला बँकेचं अ‍ॅप किंवा स्टेटमेंट एवढंच वापरा. ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपतायत’ असा मेसेज लिंकसह आला तर ती लिंक उघडू नका, कार्डाचा नंबर आणि ओटीपी काढून घेण्याचा तो जुना डाव आहे.

मिक्सर मागवलाच, तर ऑर्डर देण्याआधी पत्ता तपासा. खूपदा तो कार्डावर नोंदवलेल्या पत्त्यावरच येतो, आणि तिथे जुनं घर किंवा ऑफिस असू शकतं. पॉइंट देऊन घेतलेली वस्तू सहसा परत घेत नाहीत, म्हणून खोका घेतानाच खोलून भांडी मोजा, एक फिरवून बघा. काही फुटलेलं असेल तर त्याच दिवशी फोटोसह तक्रार टाका. वॉरंटीसाठी खोक्यात बिल आहे ना ते पाहा. खोक्यात नसेल तर कधीकधी ते पुरवठादाराच्या नावाने वेगळ्या ईमेलने येतं, तेही आलं नाही तर लगेच मागून घ्या, सहा महिन्यांनी मोटर गेली की सर्व्हिस सेंटरवाले पहिल्यांदा तेच मागतात.