पुलरवरचा लोगो सर्वांत शेवटी पाहा

प्रश्न : परगावच्या माणसाकडून ब्रँडेड सुटकेस आणि एक सॅक ऑनलाइन घेतोय. 'न वापरलेली, टॅगसकट' म्हणतो. चेन, अस्तर, चाकं, टॅग सगळ्याचे फोटो पाठवलेत. फोटोंवरून ओरिजिनल की डुप्लिकेट हे कळतं का? आणि किती पैसे द्यावेत?

कळते. बॅगदुरुस्ती हा आमच्या घरचा व्यवसाय आहे, आणि 'फोटोवरून बॅगेचे काय कळणार?' हे वाक्य मी घरातच इतक्या वेळा ऐकले आहे की या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे मला जमणार नाही.

आधी एक तत्त्व सांगतो, बाकी सारे त्यावरच उभे आहे. बॅगेचा जो भाग नक्कल करायला स्वस्त असतो तो अस्सल दिसला, तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. जो भाग नक्कल करायला महाग असतो तो मात्र खोटे बोलत नाही. चेनच्या रनरला लोंबणारा पुलर, ज्याच्यावर लोगो कोरलेला असतो, तो घाऊक बाजारात सुटा मिळतो आणि पकडीने रनरच्या कमानीत दोन मिनिटांत बसवता येतो. उलट, चाक ज्या प्लॅस्टिकच्या हाउसिंगमध्ये बसते ते घडवायला वेगळा साचा लागतो आणि त्याचा खर्च लाखांत जातो. नकली माल बनवणारा हा खर्च करत नाही. तो बाजारात मिळणारे सर्वसाधारण हाउसिंग घेतो आणि आपल्या बॅगेच्या कोपऱ्यावर कसेबसे बसवतो. म्हणून फोटो पाहण्याचा क्रम चाक, अस्तर, टॅग आणि शेवटी पुलर असा ठेवावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात.

आमच्या भावोजींनीही तेच केले होते. भाची शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली होती आणि त्यांना एका विक्रेत्याकडे मोठी सुटकेस छापील किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होती. त्यांनी घरच्या ग्रुपवर सहा फोटो टाकले. त्यांपैकी तीन नुसत्या लोगोचे होते, आणि पुलरवरची अक्षरे खरोखरच सुबक होती. चाकाचा फोटो एकच होता आणि तोही लांबून काढलेला. मी विक्रेत्याकडून आणखी फोटो मागवायला सांगितले. बॅग उलटी ठेवावी, चारही कोपरे एका चौकटीत यावेत, खोलीतला दिवा बंद करून बाजूने टॉर्चचा उजेड पाडावा आणि फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, एवढीच माझी मागणी होती. साध्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि टाके, फटी, अक्षरांच्या कडा, म्हणजे जे पाहायचे तेच, त्यातून नाहीसे होते. समोरून पडलेला उजेड सगळे सपाट दाखवतो. बाजूने पडलेला उजेड प्रत्येक फटीला सावली देतो.

तो फोटो आला आणि माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला. तीन कोपऱ्यांवर हाउसिंगची कड बॅगेच्या वळणाला चिकटून होती, चौथ्यावर मात्र एका बाजूला पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसत होती. याचा अर्थ, हाउसिंगचे वळण त्या कोपऱ्यासाठी केलेलेच नव्हते. स्क्रू आवळून ते ओढून बसवले होते. आणखी जवळून पाहिल्यावर त्याच स्क्रूच्या डोक्याभोवती काळ्या प्लॅस्टिकवर केसाएवढी पांढुरकी रेघ दिसली. प्लॅस्टिक ताणाखाली राहिले की तडा जाण्यापूर्वी ते असे पांढरे पडते. जी बॅग एकदाही रस्त्यावर फिरलेली नाही, तिच्यावर ही रेघ असेल, तर ताण कारखान्यातूनच आलेला आहे.

अस्तराच्या फोटोसाठी मी नेहमी एकच अट घालतो : शिवणीशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून फोटो काढा. ते नाणे 27 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे एका इंचाहून किंचित मोठे. चांगल्या बॅगेत त्याच्या रुंदीत साधारण आठ-नऊ टाके बसतात. पाच-सहाच बसत असतील, तर शिलाई घाईने केलेली आहे. शिवाय नाण्यासह फोटो आला की बॅग खरोखर विक्रेत्याच्या हातात आहे, कुठून तरी उचललेला फोटो आपल्याला दाखवला जात नाही, हेही कळते. टाके मोजून झाले की दोऱ्याकडे पाहावे. शिवणीवर सुताएवढी बारीक फुगीर वेटोळी दिसत असतील, तर वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा ताण जुळलेला नाही आणि ती शिवण एका जागी तुटली की सरसर उसवत जाते. चेनच्या पट्टीपासून शिवणीचे अंतर सगळीकडे सारखे हवे. आतल्या खिशाच्या तोंडाशी उलट टाका मारून शेवट पक्का केलेला हवा आणि अस्तराची कापलेली कड पायपिंगच्या पट्टीत झाकलेली हवी. भावोजींच्या त्या बॅगेत खिशाच्या दोन्ही टोकांना दोरा नुसताच कापून सोडला होता.

टॅगबद्दल लोकांच्या मनात भलत्याच समजुती आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, माल बनल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे 2011 च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. माल आयात केलेला असेल, तर मूळ देशही लिहावा लागतो. पण हे सगळे छापलेले असणे हा पुरावा नव्हे, कारण कागद छापणे पुलरपेक्षाही स्वस्त आहे. बारकोड 890 ने सुरू होतो म्हणजे माल भारतात बनला, असेही लोक ठामपणे सांगतात. तो आकडा फक्त एवढेच सांगतो की बारकोडची नोंदणी भारतातल्या संस्थेकडे झाली आहे. टॅगचा खरा उपयोग ताडून पाहण्यासाठी आहे. बाहेर लोंबणाऱ्या टॅगवरचा मॉडेल क्रमांक, रंग आणि आकार आत शिवलेल्या लेबलाशी जुळतात का, आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच बॅगेचा म्हणून सापडतो का, हे पाहावे. त्या बॅगेच्या टॅगवर रंग निळा लिहिला होता आणि बॅग करडी होती. भावोजी म्हणाले, दुकानदाराकडून टॅगची अदलाबदल झाली असेल.

त्यांनी ती बॅग घेतली. पहिल्याच प्रवासात, विमानतळाबाहेर फुटपाथवरून खाली उतरताना, फट असलेल्या त्याच कोपऱ्याचे चाक हाउसिंगसह उखडले. भरलेली मोठी बॅग तेवीस किलोची असते. तिचे एक चाक पायरीवरून खाली आदळले की तो भार क्षणभर एकाच कोपऱ्यातल्या दोन-तीन स्क्रूंवर येतो. चांगल्या बनावटीत आतून रुंद वॉशर किंवा पट्टी असते आणि ती हा भार कोपऱ्यावर पसरवते. भाची सुट्टीत आली तेव्हा मी ती बॅग उघडून पाहिली. स्क्रू थेट पातळ पत्र्यात पिळलेले होते, आतून काहीही आधार नव्हता आणि भोक फाटून लांबट झाले होते.

भावोजींचे म्हणणे आजही असे आहे की विमान कंपनीच्या माणसांनी बॅग आपटली, त्यात बॅगेचा दोष नव्हता. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण या मुद्द्यावर ते चुकतात, आणि ते मी इथे स्पष्ट लिहितो. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू होणाऱ्या मॉन्ट्रियल करारानुसार बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून सात दिवसांत द्यावी लागते. तशी तक्रार कोणी दिली नव्हती. दिली असती तरी, नुकसान सामानाच्या मुळातल्याच दोषामुळे झाले असेल, तर तेवढ्यापुरती विमान कंपनी जबाबदार राहत नाही, हेही त्याच करारात लिहिले आहे. आणि आपटल्यामुळेच बॅग मोडली म्हणावे, तर फोटोत ज्या कोपऱ्यावर फट दिसली होती नेमका तोच कोपरा का गेला, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

चेनबद्दल एवढेच सांगतो. पुलर सोडून रनरच्या अंगाकडे पाहावे. ओतीव धातूची कड गुळगुळीत हवी, जोडावर धारदार उंचवटा नको. चेनचे टोक कापडी पट्टीखाली दडवून त्यावर आडवी शिलाई मारलेली हवी. रनरवर वायकेके या नावाजलेल्या चेन-कंपनीची अक्षरे असली म्हणून भुलू नका, कारण त्यांचीही नक्कल होते. मोठ्या सुटकेसच्या मुख्य कप्प्याला 8 किंवा 10 क्रमांकाची चेन शोभते, 5 क्रमांकाची आतल्या खिशांना ठीक. हा आकडा पुष्कळदा रनरच्या मागच्या बाजूवर असतो, म्हणून तिथलाही फोटो मागवा. सॅकसाठी पट्टा पाठीच्या शिवणीत जिथे शिरतो ती जागा पाहा. तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई, किंवा दाट आडवे टाके असावेत. तिथे एकच सरळ ओळ असेल, तर सॅक अस्सल असो वा नकली, घेऊ नका.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. कंपन्या एकाच मॉडेलचे हाउसिंग मधूनमधून बदलतात, त्यामुळे संकेतस्थळावरच्या फोटोपेक्षा आकार वेगळा दिसला एवढ्यावरून बॅग नकली ठरवू नका. फट आणि पांढरी रेघ हे मात्र अस्सल-नकली दोन्हींत दोषच आहेत. स्क्रूऐवजी रिव्हेट असणे हाही नकलीपणाचा पुरावा नाही. त्याने दुरुस्ती अवघड होते, इतकेच. दुसरे म्हणजे, 'न वापरलेली' हा शब्द ऐकून निश्चिंत होऊ नका. पॉलियुरेथेनची चाके आणि कापडाच्या आतला लेप हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षे कपाटात पडूनही विरतात, आणि मुंबई-कोकणात हे आम्ही सतत पाहतो. चाकाच्या कडेला भेगा, किंवा सॅकच्या आत चिकट चकाकी आणि पापुद्रे फोटोत दिसले, तर बॅग शंभर टक्के अस्सल असूनही निकामी आहे. टॅगवरचा महिना-वर्ष यासाठी पाहावा.

किमतीचे म्हणाल, तर बॅगांवरची छापील किंमत हिशेबात धरू नका, कारण नव्या बॅगाही क्वचितच त्या किमतीला विकल्या जातात. तेच मॉडेल आज कंपनीच्या दुकानात सवलतीनंतर कितीला मिळते ते विचारा आणि तिथून खाली बोलणी करा. विक्रेता उलट्या बॅगेचा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल, तर बोलणी करण्याची गरजच उरत नाही.