‘राजभिः’ होतं, ‘राजैः’ का नाही?

पाणिनीची सूत्रं आणि जनरेटिव्ह व्याकरणातला नियमांचा क्रम खरंच सारखे आहेत का?

पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त आठ अध्याय, प्रत्येकाचे चार पाद; त्यातल्या शेवटच्या तीन पादांपुरतं साम्य थक्क करणारं आहे. ‘राजन्’पुढे तृतीया बहुवचनाचा प्रत्यय ‘भिस्’ आला की ८.२.७ या सूत्राने न् गळतो, उरतं ‘राज’. आता हे अकारान्त दिसतं, म्हणजे अकारान्तापुढच्या ‘भिस्’चा ‘ऐस्’ करणारं ७.१.९ लागून ‘देवैः’सारखं ‘राजैः’ व्हायला हवं. होत नाही, कारण ८.२.१ ‘पूर्वत्रासिद्धम्’: इथून पुढच्या सूत्रांनी केलेलं कार्य आधीच्या सूत्रांच्या लेखी घडलेलंच नसतं. ७.१.९ ला अजून ‘राजन्’च दिसतो, म्हणून ‘राजभिः’. जनरेटिव्ह ध्वनिविचारात यालाच काउंटरफीडिंग म्हणतात. दोन शब्दांत एवढं काम! मात्र आधीच्या सव्वासात अध्यायांत सूत्रं अशी ओळीने चालत नाहीत. तिथे अपवाद उत्सर्गाला, म्हणजे सामान्य नियमाला, हटवतो.