एक्सोसोमचं पॅकेज: सिटिंग वजा केल्यावर प्लॅनमध्ये काय उरतं?

प्रश्न: "वय २९. जुलैत डेंग्यू झाला, ऑक्टोबरपासून केस मुठीने गळतायत. कपाळाचे दोन्ही कोपरे तर आधीपासूनच मागे गेलेत. क्लिनिकने १ लाख ४० हजारांचं पॅकेज सांगितलंय: दर महिन्याला एक अशा सहा स्टेम सेल-एक्सोसोम सिटिंग, सोबत मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइडची गोळी. आज बुक केलं तर २० टक्के सूट. घेऊ का?"

आज पैसे भरू नका. माझं मेडिकलचं दुकान आहे, केसांची प्रिस्क्रिप्शनं रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगताय त्यावरून दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असाव्यात. जोराचा ताप येऊन गेला की बरेच केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. जुलैचा ताप आणि ऑक्टोबरची गळती, हिशेब नेमका जुळतो. यात मुळं शाबूत असतात, आणि बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. कोपरे मागे जाणं मात्र अनुवांशिक. तिथे डीएचटी या हार्मोनमुळे केस वर्षानुवर्षं बारीक होत जातो आणि ते आपोआप थांबत नाही.

आता यावर ते सहा महिन्यांचं पॅकेज ठेवून बघा. तापाची गळती त्या काळात तशीही थांबणार. मिनॉक्सिडिलचा परिणाम दिसायलाही चार-सहा महिनेच लागतात, फिनास्टेराइडला त्याहून थोडे जास्त. म्हणजे सहाव्या सिटिंगला तुमचे केस बरे दिसले, तर त्याला तीन कारणं असू शकतात, पण श्रेय मिळणार एक्सोसोमला. म्हणून कुठलाही प्लॅन हातात आला की मी आधी सगळ्यात महाग ओळ खोडतो आणि खाली काय उरतं ते बघतो. तुमच्या प्लॅनमध्ये दोन औषधं उरतात. दोन्ही अनेक वर्षं वापरात आहेत, दोन्हींच्या नीट चाचण्या झाल्या आहेत, आणि दोन्ही मिळून महिन्याचा खर्च साधारण हजार-दीड हजार. बाकीचा लाखभर निव्वळ त्या सिटिंगचा आहे. तेव्हा पुरावाही तेवढ्याचाच मागा: नुसती औषधं घेणारे आणि औषधांसोबत एक्सोसोम घेणारे, यांची तुलना कुठे केली आहे? उत्तरादाखल बहुतेक वेळा फोटोच दाखवतात. त्यात 'आधी'चे केस ओले, भांग पाडलेला, वरून झगझगीत दिवा. 'नंतर'चे केस कोरडे, पुढे विंचरलेले. एवढ्याने घनता दुप्पट दिसते.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. त्यात पेशी नसतात, त्यामुळे त्याला 'स्टेम सेल उपचार' म्हणणंच चुकीचं आहे. आणि खरोखरच स्टेम सेल देणार असतील तर मामला आणखी गंभीर होतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

सिटिंगच्या आधी बाटली हातात मागा. या बाटल्या बऱ्याचदा कॉस्मेटिक म्हणून आलेल्या असतात आणि लेबलवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. बाह्य वापराची वस्तू म्हणजे वरून चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची. ती सुईने टाळूत टोचणं हा बाह्य वापर नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्येच जाहीर इशारा दिला होता की त्यांनी एकाही एक्सोसोम उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही. तिथे काही रुग्णांना गंभीर त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बाटली दाखवायला नकार मिळाला, किंवा नाव, बॅच नंबर आणि उत्पादक बिलावर लिहून देत नसतील, तर तिथून उठा.

मग करायचं काय? त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी ही पदविका केलेल्या तज्ज्ञांची साधी अपॉइंटमेंट घ्या. पॅकेज समजावणारी काउन्सेलर बऱ्याचदा डॉक्टर नसते, हे लक्षात ठेवा. तज्ज्ञांना ट्रायकोस्कोपी, म्हणजे टाळू आणि केस मोठे करून दाखवणारी तपासणी, करायला सांगा. स्क्रीनवर तुम्हालाही कळेल: जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी मिसळलेले दिसले तर अनुवांशिक गळती; सगळे सारख्याच जाडीचे, फक्त विरळ, तर तापाची. सोबत हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. फिनास्टेराइड सुरू करण्याआधी दुष्परिणाम मोकळेपणाने विचारा. काही पुरुषांत कामेच्छा कमी होते, त्यामुळे ती पॅकेजसोबत मिळाली म्हणून गिळायची गोळी नाही. मिनॉक्सिडिलने पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती थोडी वाढू शकते. ती बघून घाबरलेल्या माणसालाच पुढची महाग सिटिंग विकली जाते, तेव्हा तेवढा काळ धीर धरा.

आणि 'नो कॉस्ट ईएमआय'वर सही करायला सांगितली तर कागद नीट वाचा. बऱ्याचदा ते तुमच्या नावावरचं फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. दुसऱ्या सिटिंगनंतर उपचार सोडलात तरी हप्ते चालूच राहतात.